पाच वर्षं कर माफ, तरी एलएलपीला दरवर्षी ३ लाख ८४ हजार कसे लागले? 'एएमटी' आणि त्याच्या क्रेडिटचा सरळ हिशेब

अमरावती/अकोला : कपाशीची उलंगवाडी झाली की वावरात नुसती पऱ्हाटी उभी राहते. आपल्या भागात ती उपटून धुऱ्यावर रचायची, थोडी चुलीसाठी ठेवायची आणि बाकीची पेटवून द्यायची, हे वर्षानुवर्षं चालत आलं. गुलाबी बोंडअळीचे कोष पऱ्हाटीत राहतात म्हणून कृषी विभागही ती वावरात ठेवू नका असं सांगतो. आता काही ठिकाणी हीच पऱ्हाटी, तुराट्या आणि सोयाबीनचं कुटार गोळा होतं, त्याचा भुगा करून दाबून कांड्या बनतात आणि त्या बॉयलरला जातात. लोक त्याला पांढरा कोळसा म्हणतात. पऱ्हाटीपासून अशा कांड्या आणि पेलेट करण्यावर कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था 'सिरकॉट'नेही काम केलं आहे.

या धंद्यात उतरलेल्या एका ओळखीच्या भागीदाराचा मागच्या महिन्यात फोन आला. दर्यापूरकडचे चार शेतकरी मिळून एलएलपी केलेली, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी. म्हणाले, "भाऊ, पाच वर्ष माफी होती म्हणे आमाले. तरी दरवर्षी टॅक्स भरला. आता मले बाहेर पडाचं हाय, तं त्या भरलेल्या पैशाचं काय?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एलएलपीच्या कराची सगळी गोम आहे. त्यांची कागदपत्रं पाहिली, एका सीएंसोबत बसून समजून घेतलं. तोच हिशेब इथं मांडतो. त्यांचे खरे आकडे न देता गोल आकडे घेतले आहेत, म्हणजे कोणालाही कॅल्क्युलेटरवर पडताळता येईल.

माफी कोणती होती?

आयकर कायदा १९६१ मध्ये कलम ८०जेजेए आहे. जैविक कचरा गोळा करून त्यावर प्रक्रिया करण्याचा धंदा असेल, म्हणजे त्यापासून वीज, बायोगॅस, जैविक खत, जैविक कीडनाशक किंवा जळणाच्या कांड्या, पेलेट बनवत असाल, तर त्या धंद्याचा पूर्ण नफा सलग पाच वर्षं उत्पन्नातून वजा मिळतो. धंदा सुरू झाला ते वर्ष पहिलं धरतात. पाच वर्षं सलग मोजतात. मधे एखाद्या वर्षी तोटा झाला म्हणून ते वर्ष पुढं ढकलता येत नाही.

विकत घेतलेला माल 'कचरा' कसा, असा प्रश्न तपासणीत येऊ शकतो. म्हणून पऱ्हाटी कोणाच्या वावरातून आली, काट्यावर किती भरली, वाहतुकीला काय दिलं, याच्या पावत्या ठेवाव्या लागतात.

आता उदाहरण. समजा आपली एलएलपी आर्थिक वर्ष २०२०-२१ मध्ये सुरू झाली. भागीदारांचं मानधन, बँकेचं व्याज, मशीनचा घसारा हे सगळं वजा जाऊन दरवर्षी बरोबर २० लाख रुपये नफा राहतो. दुसरं उत्पन्न नाही. २०२०-२१ ते २०२४-२५ ही पाच वर्षं माफीची. २० लाख उत्पन्न, त्यातून ८०जेजेएचे २० लाख वजा, करपात्र उत्पन्न शून्य. नेहमीच्या पद्धतीनं कर शून्य.

इथंच बहुतेक जण वही मिटतात. आणि इथंच फसतात.

शून्यावर थांबता का येत नाही?

कारण कायद्यात दुसरा एक हिशेब आहे. त्याचं नाव पर्यायी किमान कर, इंग्रजी आद्याक्षरांनी एएमटी. कलमं ११५जेसी पासून ११५जेएफ पर्यंत.

त्यामागची गोष्ट थोडक्यात अशी. कंपन्यांना असा किमान कर आधीपासून होता, त्याला मॅट म्हणतात. २००८ च्या कायद्यानं एलएलपी आली, आणि एलएलपीला मॅट लागू नव्हता. म्हणजे तोच धंदा कंपनीत केला तर किमान कर, एलएलपीत केला तर नाही. ही फट २०११ च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी अर्थमंत्री असताना बुजवली गेली आणि एलएलपीसाठी एएमटी आला. पुढच्याच वर्षी तो साध्या भागीदारी फर्मसह कंपनी सोडून इतर करदात्यांनाही लावला. त्यामुळं एलएलपी मोडून साधी फर्म केली तर सुटका होईल, असं नाही.

एएमटीचा नियम असा. नेहमीच्या पद्धतीनं काढलेलं करपात्र उत्पन्न घ्यायचं. त्यात ठराविक सवलती परत मिळवायच्या. जी बेरीज येते ती 'समायोजित एकूण उत्पन्न'. त्यावर १८.५ टक्के कर काढायचा, वर ४ टक्के उपकर. हा आकडा नेहमीच्या करापेक्षा जास्त आला तर हाच भरायचा.

परत मिळवायच्या सवलती तीन प्रकारच्या. पहिला, धंद्याच्या नफ्याशी जोडलेल्या वजावटी. आपली ८०जेजेए त्यातच येते, नवीन कामगार लावल्यावर मिळणारी ८०जेजेएएसुद्धा त्यातच. दुसरा, विशेष आर्थिक क्षेत्रातल्या युनिटची कलम १०एएची सवलत. तिसरा, कलम ३५एडी, म्हणजे शेतमालाचं गोदाम किंवा कोल्ड स्टोरेजच्या साखळीवरचा भांडवली खर्च एकाच वर्षात वजा घेण्याची सवलत. तिथं नेहमीचा घसारा धरून उरलेली रक्कम परत मिळवतात. वरुड-मोर्शीकडं संत्र्यासाठी शीतगृह किंवा अकोल्यात तूर-सोयाबीनचं गोदाम एलएलपीत उभारणाऱ्यांनी ही तिसरी ओळ लक्षात ठेवावी.

यातली एकही सवलत घेतली नसेल तर एएमटीचा संबंधच येत नाही. आणि जमाखर्चाच्या वहीतल्या नफ्यावर एएमटी काढत नाहीत. तो कायद्यानं काढलेल्या उत्पन्नापासूनच सुरू होतो. म्हणून मागचा तोटा, घसारा यांची वजावट दोन्ही हिशेबांत मिळते.

आपल्या उदाहरणात करपात्र उत्पन्न शून्य, त्यात २० लाख परत मिळवले, झाले २० लाख. त्याचे १८.५ टक्के ३,७०,००० रुपये. त्यावर ४ टक्के उपकर १४,८०० रुपये. एकूण ३,८४,८०० रुपये. माफीच्या पाचही वर्षांत दरवर्षी एवढा कर भरावा लागला. पाच वर्षांचे झाले १९,२४,००० रुपये.

"पण वीस लाखांपर्यंत एएमटी नाही म्हणतात ना?" असं काही जण विचारतात. ती सूट व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब अशा काही करदात्यांना आहे. एलएलपीला आणि फर्मला ती नाही. त्यांना पहिल्या रुपयापासून एएमटी लागतो.

तुम्हाला लागेल की नाही, हे आधीच कसं ओळखायचं?

एलएलपीचा नेहमीचा दर ३० टक्के आणि एएमटीचा १८.५ टक्के. या दोन दरांतून एक सोपा अंदाज निघतो. सवलतीची रक्कम एकूण नफ्याच्या साधारण ३८ टक्क्यांच्या आत असेल तर नेहमीचा करच जास्त येतो, एएमटी लागत नाही. त्याच्या वर गेली की लागतो.

समजा याच एलएलपीचा जिनिंगचाही धंदा आहे आणि त्यात ४० लाख नफा आहे. एकूण नफा ६० लाख, त्यातली सवलत २० लाख, म्हणजे तिसरा हिस्सा. नेहमीचा कर ४० लाखांवर उपकरासह १२,४८,००० रुपये. एएमटी ६० लाखांवर ११,५४,४०० रुपये. नेहमीचा जास्त, म्हणून तोच भरायचा, आणि ८०जेजेएचा फायदा त्याच वर्षी पूर्ण मिळाला. सवलत एकच, पण सोबत दुसरं उत्पन्न आहे की नाही यावर चित्र बदलतं. उत्पन्न एक कोटीच्या वर गेलं तर अधिभार येतो आणि गणित पुन्हा तपासावं लागतं.

भरलेले पैसे गेले की राहिले?

आता फोनवरच्या प्रश्नाकडं येऊ. एएमटी म्हणून नेहमीच्या करापेक्षा जेवढं जास्त भरलं, तेवढं 'क्रेडिट' एलएलपीच्या नावावर जमा होतं. कलम ११५जेडी. आपल्या उदाहरणात नेहमीचा कर शून्य होता, म्हणून भरलेले सगळे ३,८४,८०० दरवर्षी क्रेडिट झाले. पाच वर्षांचं क्रेडिट १९,२४,०००.

हे क्रेडिट रोख परत मिळत नाही. त्यावर सरकार व्याजही देत नाही. ते फक्त पुढं अशा वर्षात वापरता येतं, ज्या वर्षी नेहमीचा कर एएमटीपेक्षा जास्त असेल. आणि त्या वर्षीही सगळं एकदम नाही. दोन्हींमधला जेवढा फरक, तेवढंच.

२०२५-२६ हे आपलं सहावं वर्ष. माफी संपली. नफा तोच २० लाख. नेहमीचा कर ३० टक्क्यांनी ६,००,०००, उपकर २४,०००, एकूण ६,२४,०००. त्याच वर्षाचा एएमटीचा आकडा ३,८४,८००. फरक २,३९,२००. एवढं क्रेडिट त्या वर्षी वापरता येतं. म्हणजे प्रत्यक्ष भरायचे किती? ६,२४,००० मधून २,३९,२०० वजा, राहिले ३,८४,८००. पहिल्या पाच वर्षांत भरत होतो तोच आकडा.

इथं माझं स्वतःचं डोकं जरा थबकलं होतं. दरवर्षी २,३९,२०० वापरत गेलो तर १९,२४,००० संपायला किती वर्षं? आठ वर्षांत १९,१३,६०० वापरले जातात आणि उरलेले १०,४०० नवव्या वर्षात. पाच वर्षांत जमलेलं क्रेडिट संपायला आठ वर्षांहून जास्त लागतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ ला सुरू झालं तर २०३३-३४ ला संपेल.

सगळं एकत्र पाहिलं तर असं दिसतं. एएमटी नसता तर पहिली पाच वर्षं शून्य आणि पुढची आठ वर्षं ६,२४,००० प्रमाणे ४९,९२,००० रुपये कर झाला असता. एएमटीमुळं तेरा वर्षं सारखे ३,८४,८०० प्रमाणे ५०,०२,४०० भरले जातात, आणि वरचे १०,४०० अजून क्रेडिटमध्ये शिल्लक आहेत. म्हणजे एकूण कर वाढला नाही. तो आधी घेतला गेला, एवढंच. पण ज्याचं मशीन बँकेच्या कर्जावर आहे आणि रोजचा धंदा सीसीवर चालतो, त्याला आधी गेलेल्या पैशावर व्याज पडतंच. माफीचा खरा तोटा तो.

पंधरा वर्षांची मुदत

क्रेडिट कायम राहत नाही. ज्या वर्षाचं क्रेडिट, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंतच ते पुढं नेता येतं. आधी ही मुदत दहा वर्षं होती, २०१७ च्या वित्त कायद्यानं पंधरा केली. २०२०-२१ चं क्रेडिट २०३५-३६ पर्यंत, २०२४-२५ चं २०३९-४० पर्यंत. आधी जुन्या वर्षाचं वापरायचं, मग नंतरच्या.

२० लाख नफा टिकला तर मुदतीचा प्रश्न येत नाही. पण आपल्याकडं धंदा पावसावर आणि कपाशीच्या पेऱ्यावर आहे. पेरा कमी झाला, पऱ्हाटी कमी आली, नफा निम्म्यावर म्हणजे १० लाखांवर आला असं धरू. मग दरवर्षीचा फरकही निम्मा, १,१९,६००. पंधरा वर्षांत १७,९४,००० वापरले जातील आणि २०२४-२५ च्या क्रेडिटमधले १,३०,००० मुदत संपून बुडतील. ज्या वर्षी तोटा, त्या वर्षी नेहमीचा कर शून्य, म्हणून क्रेडिट वापरता येत नाही. पण मुदतीचं घड्याळ त्या वर्षीही चालूच राहतं.

धंदा बंद करून एलएलपी गुंडाळली तर उरलेलं क्रेडिट भागीदारांच्या खात्यावर येत नाही. ते एलएलपीच्या पॅनवर असतं आणि तिथंच संपतं. भागीदार आपल्या स्वतःच्या विवरणपत्रात ते दाखवू शकत नाही. कंपनीचं रूपांतर एलएलपीत केलं तर कंपनीचं जुनं मॅट क्रेडिट एलएलपीला मिळत नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे.

कुठं चुकतं?

पहिली चूक आगाऊ कराची. "माफी आहे, कर शून्य" असं धरून कोणी जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चचे हप्ते भरत नाही. पण एएमटीलाही आगाऊ कर लागू आहे. आपल्या उदाहरणात एकही हप्ता न भरता ३,८४,८०० थेट ऑक्टोबरमध्ये विवरणपत्रासोबत भरले, तर हप्ते चुकल्याचं व्याज सुमारे १९,४०० आणि एप्रिलपासून सात महिन्यांचं दरमहा १ टक्क्यानं सुमारे २६,९०० रुपये. मिळून ४६ हजारांवर जातं. आणि हे व्याज क्रेडिटमध्ये धरत नाहीत. ते गेलं ते गेलंच.

दुसरी चूक तारखांची. एएमटी लागत असेल तर सीएचा अहवाल फॉर्म २९सी मध्ये ऑनलाइन द्यावा लागतो, तोही विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेच्या एक महिना आधी. हिशेब तपासणी लागणाऱ्या एलएलपीसाठी एरवी विवरणपत्राची तारीख ३१ ऑक्टोबर, म्हणजे २९सी ३० सप्टेंबरपर्यंत. विवरणपत्रच उशिरा भरलं तर त्याहून वाईट. ८०जेजेएची वजावट फक्त वेळेत विवरणपत्र भरणाऱ्याला मिळते. एक दिवस उशीर झाला की २० लाखांवर पूर्ण ६,२४,००० कर, आणि त्यातून काही क्रेडिटही तयार होत नाही, कारण तो एएमटी नसून नेहमीचा कर असतो.

तिसरी चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात उशिरा कळते. क्रेडिट दरवर्षी विवरणपत्रात पुढं न्यावं लागतं. एलएलपीचं विवरणपत्र `ITR-5`. त्यात `Schedule AMT` मध्ये त्या वर्षीचा एएमटी काढतात आणि `Schedule AMTC` मध्ये वर्षवार क्रेडिट, वापरलेलं आणि शिल्लक अशी ओळ असते. या दर्यापूरच्या एलएलपीनं मधे सीए बदलले. नव्यांनी त्या वर्षाचा एएमटी बरोबर भरला, पण `Schedule AMTC` मध्ये मागच्या वर्षांच्या ओळी कोऱ्या राहिल्या. विवरणपत्र स्वीकारलं गेलं, नोटीस आली नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. क्रेडिट वापरायची वेळ आली तेव्हा कागदावर पाचऐवजी दोनच वर्षांचं दिसत होतं. जुनी विवरणपत्रं, चलनं आणि २९सी शोधून आता दुरुस्ती चालू आहे.

हे आपलं आपल्याला पाहता येतं. विवरणपत्र भरल्यावर आयकर खात्याची कलम १४३(१) ची सूचना मेलवर येते. त्यात दोन रकाने असतात, एक तुम्ही दाखवलेला आकडा आणि एक खात्यानं काढलेला. करातून वजा होणाऱ्या ११५जेडीच्या क्रेडिटच्या ओळीत दोन्ही आकडे सारखे आहेत का, एवढं बघायचं. सारखे नसतील तर कलम १५४ खाली ऑनलाइन दुरुस्तीचा अर्ज करता येतो. ज्या आर्थिक वर्षात तो आदेश निघाला, ते संपल्यापासून चार वर्षांची मुदत आहे. पुढं कधी तपासणीत नेहमीचा कर किंवा एएमटी बदलला, तर क्रेडिटही त्याप्रमाणं कमी-जास्त होतं. म्हणून पंधरा वर्षं तरी हे कागद फेकू नयेत. एका फाइलला वर्ष, एएमटी, नेहमीचा कर, क्रेडिट आणि शिल्लक असा तक्ता लावून ठेवला तर सीए बदलले तरी अडत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून जुन्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, एएमटीची तरतूद आता कलम २०६ मध्ये आहे. पण जुन्या कायद्याखाली जमलेलं क्रेडिट त्यामुळं बुडत नाही, ते नव्यात पुढं येतं. आणि २०२५-२६ चं विवरणपत्र अजून जुन्याच कायद्यानं भरायचं आहे. म्हणजे शिल्लक क्रेडिट नीट नोंदवायची जुन्या कलमांखालची ही शेवटची संधी. यंदा `Schedule AMTC` च्या सगळ्या ओळी जुन्या विवरणपत्रांशी ताडून घ्या.

बाहेर पडणाऱ्या भागीदाराचं काय?

फोन करणारे भाऊ पाचव्या वर्षानंतर बाहेर पडत होते. चौघांचा हिस्सा सारखा. हिशेबात मशीन, शेड, शिल्लक माल, येणं-देणं सगळं धरलं होतं. १९,२४,००० चं क्रेडिट मात्र कुठंच नव्हतं. एएमटी भरताना तो त्यांच्याही नफ्यातून गेला होता. चौथा हिस्सा ४,८१,००० रुपये. ते बाहेर पडले की ही रक्कम पुढच्या वर्षांत उरलेल्या तिघांचा कर कमी करणार.

अर्थात पूर्ण ४,८१,००० आजच द्या म्हणणंही बरोबर नाही. ते पैसे आठ-नऊ वर्षांत थोडे थोडे सुटणार, तेही नफा झाला तर. तिघं म्हणाले, "पुढं दुष्काळ पडला तं आमीच बुडू ना?" त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी तोडगा असा निघाला की रक्कम आज ठरवायची नाही. दरवर्षी एलएलपीनं जेवढं जुनं क्रेडिट प्रत्यक्ष वापरलं, त्याचा चौथा हिस्सा सूचना आल्यावर त्यांना द्यायचा. २० लाख नफा राहिला तर तो वर्षाला ५९,८०० रुपये होतो. नफा नाही झाला तर त्या वर्षी काही नाही. हे त्यांनी बाहेर पडण्याच्या करारात लिहून घेतलं.

एलएलपीच्या बहुतेक छापील करारनाम्यांत भांडवल, नफ्याचा वाटा, मानधन, निवृत्ती हे सगळं असतं, पण एएमटी क्रेडिटची एक ओळ नसते. ज्यांची एलएलपी ८०जेजेए किंवा ३५एडी घेते, त्यांनी ही ओळ सगळे भागीदार सोबत असतानाच घालून घ्यावी. भाऊ करारावर सही करून परतले तेव्हा म्हणाले, "पयल्याच वर्षी कोणी सांगतलं असतं तं भांडणच झालं नसतं."